सहाव्या गणितात एक गुण

राष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा निकाल लागला की शिक्षकाला दोन प्रकारचे निरोप लिहावे लागतात. निवड झालेल्या विद्यार्थिनीला अभिनंदनाचा आणि थोडक्यात राहिलेल्या मुलांना धीराचा. खरं तर दोघांनाही एकच पत्र पाठवता येतं. त्यात 1988 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचं सहावं गणित असावं.

या स्पर्धेत दोन दिवस, रोज साडेचार तास, तीन-तीन गणितं सोडवायची असतात. प्रत्येकाला सात गुण. यजमान देशाच्या प्रश्नसमितीतल्या कुणालाही ते सहावं गणित सुटलं नव्हतं. मग ते देशातल्या चार नामवंत अंकशास्त्रज्ञांकडे पाठवलं. सहा तासांत त्यांनाही जमलं नाही. तरीही ते प्रश्नपत्रिकेत ठेवलं गेलं आणि अकरा विद्यार्थ्यांनी ते पूर्ण सोडवलं.

गणित दिसायला साधं आहे. a आणि b या धन पूर्णांक संख्या आहेत आणि a² + b² ला ab + 1 ने नि:शेष भाग जातो. तर येणारा भागाकार पूर्ण वर्गच असतो, हे सिद्ध करायचं. 30 आणि 8 घ्या. वर्गांची बेरीज 964, गुणाकारात एक मिळवला की 241, भागाकार 4. म्हणजे दोनाचा वर्ग. 27 आणि 3 घेतले तर भागाकार 9 येतो.

बहुतेक मुलं इथपर्यंत येतात आणि आणखी उदाहरणं तपासत बसतात. वही भरते, पण सिद्धता सुरूच झालेली नसते. राहिलेल्या मुलाला पत्रात पहिला प्रश्न हाच विचारावा: तू नक्की कुठे थांबलास?

पुढची पायरी अशी. भागाकार 4 आणि धाकटी संख्या 8 तशीच ठेवायची, आणि 30 च्या जागी x मानायचा. मग x² − 32x + 60 = 0 हे वर्गसमीकरण मिळतं. त्याचं एक उत्तर 30 आहे. दोन्ही उत्तरांची बेरीज 32, म्हणून दुसरं उत्तर 2. म्हणजे 8 आणि 2 ही जोडीसुद्धा तोच भागाकार देते: 68 भागिले 17, चार. हीच युक्ती पुन्हा केली की 8 आणि 2 वरून 2 आणि 0 वर येतो. एक संख्या शून्य झाली की छेद 1 उरतो आणि भागाकार थेट 2² दिसतो. चार हा पूर्ण वर्ग का, ते शेवटच्या पायरीवर उघडं पडतं.

युक्ती सुचली तरी दोन गोष्टी लिहून दाखवाव्या लागतात, आणि घाईत त्याच राहून जातात. नवी संख्या दर वेळी लहानच होते कशावरून? दोन्ही उत्तरांचा गुणाकार b² मधून भागाकार वजा केल्याइतका, म्हणजे b² पेक्षा कमी असतो. त्यातलं एक उत्तर b किंवा त्याहून मोठं आहे, मग दुसरं b पेक्षा लहान असणारच. आणि ती ऋण का होत नाही? ऋण झाली तर छेद शून्य किंवा ऋण होईल, आणि वरची वर्गांची बेरीज तर धन आहे. मग भागाकार धन येणारच नाही. ही चार-पाच वाक्यं उत्तरपत्रिकेत नसतील, तर युक्ती सुचूनही सिद्धता अपुरीच राहते.

आता जिंकलेल्या मुलीसाठी. त्या वर्षी टेरेन्स टाओ हा जेमतेम 13 वर्षांचा मुलगा ऑस्ट्रेलियाकडून बसला होता. त्याला सुवर्णपदक मिळालं. या सहाव्या गणितात त्याला सातपैकी एक गुण होता. पुढे 2006 मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळालं. म्हणून पदकाच्या अभिनंदनाखाली शिक्षकाने बेधडक विचारावं: कुठलं गणित सुटलं नाही, आणि निकालानंतर ते पुन्हा हातात घेतलंस का? निवड झालेल्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार वेळा राहून जातो. कौतुकाच्या गडबडीत न सुटलेलं गणित तसंच पडून राहतं.

याच 1988 मध्ये स्पर्धेने आणखी एक गोष्ट सुरू केली. पदक हुकलं तरी ज्याने एखादं गणित पूर्ण सात गुणांचं सोडवलं, त्याला सन्माननीय उल्लेख मिळू लागला. राहिलेल्या मुलाच्या पत्रातही हेच मोजमाप वापरावं: तुझी कुठली सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुरी आहे? एकही नसेल तर अर्धवट राहिलेल्यांपैकी एक निवड, घड्याळ बाजूला ठेव आणि ती पुरी कर. मग जिंकलेल्या मैत्रिणीला ती तपासायला दे. तिने तिचं न सुटलेलं गणित तुला द्यावं.

पत्राच्या तळाशी दोघांसाठी एकच गृहपाठ. छेदात ab + 1 ऐवजी ab − 1 घ्या. 1 आणि 2 साठी भागाकार 5 येतो. 1 आणि 3 साठीही 5. 2 आणि 9 साठी 85 भागिले 17, पुन्हा 5. दर वेळी पाचच का? इथेही तीच उतरण चालते, पण ती शून्यापर्यंत पोचत नाही. मग ती कुठे थांबते, ते आधी शोधा.