पित्ताशय काढल्यावर मिसळ का बाधते?

पुण्यात पित्ताशय काढलेल्या अनेकांना घरी एकच सल्ला मिळतो: आता तेल-तूप कायमचं बंद. पण पित्त पित्ताशयात तयार होतच नाही, ते यकृतात तयार होतं. पित्ताशय ते साठवून घट्ट करतं आणि स्निग्ध घास आतड्यात उतरला की एकदम सोडतं. ते नसलं की पित्त दिवसरात्र थेंबथेंब झिरपतं. त्यामुळे साध्या वरणभाताला ते पुरतं. तर्रीदार मिसळीची भरलेली वाटी एकदम आली की अपुरं पडतं, आणि पोट फुगतं, शौचाला तेलकट होतं. जुलाबाचं कारण मात्र उलट आहे. पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी बहुतांशी परत शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यात जास्त पोहोचली, तर तिथे पाणी सुटतं आणि न्याहारीनंतर लगेच धावावं लागतं.

मग सगळ्यांनाच जुलाब का होत नाहीत? कारण बहुतेकांचं आतडं सतत झिरपणाऱ्या पित्ताचा हा वाढीव भार शोषून घेतं. ज्यांना त्रास होतो, त्यांचाही तो बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरतो. तोवर तेल-तूप तोडण्याऐवजी थोडंथोडं विभागून घ्यावं, ओट्स किंवा इसबगोल हळूहळू वाढवावा. जुलाब टिकलेच, तर पित्ताम्लं बांधणारं कोलेस्टायरामिन डॉक्टर देतात; ते इतर औषधंही अडवतं, म्हणून वेळा विचारून घ्याव्यात. ताप, कावीळ, पांढुरकं शौच, शौचातून रक्त किंवा घटणारं वजन दिसलं तर वाट न पाहता शल्यविशारदाला गाठा.