एका डब्यात शंभर इयरफोन

गर्दीच्या लोकलमध्ये शेजारच्याचं गाणं आपल्या कानात का शिरत नाही? ब्लूटूथच्या जोड्या तर सगळ्या 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलतात.

फोन आणि त्याला जोडलेली उपकरणं मिळून एक ‘पिकोनेट’ होतं. त्यात एक म्होरक्या आणि एका वेळी जास्तीत जास्त सात सक्रिय सोबती. क्लासिक ब्लूटूथमध्ये या पट्ट्याचे 79 चॅनल पाडलेले असतात, आणि पिकोनेट सेकंदाला 1600 वेळा चॅनल बदलू शकतं. उड्यांचा क्रम म्होरक्याच्या पत्त्यावरून आणि घड्याळावरून ठरतो, म्हणून प्रत्येक पिकोनेटचा क्रम वेगळा. शेजारी एकच पिकोनेट असेल, तर ढोबळमानाने 79 उड्यांत एखादी टक्कर. हरवलेला डेटा बहुधा पुन्हा पाठवला जातो; कानाला पत्ता लागत नाही. दहा जोड्या जवळ असतील, तर मात्र निदान दहात एक उडी वाया जाते, आणि गर्दी आणखी वाढली की आवाज तुटू लागतो.

वायफाय जवळजवळ 20 चॅनलची जागा अडवून एकाच ठिकाणी बसतं. म्हणून 2003च्या 1.2 आवृत्तीपासून ब्लूटूथ बिघडलेले चॅनल ओळखून वगळतं. मात्र किमान 20 चॅनल वापरात ठेवावेच लागतात.

एकच उपकरण दोन पिकोनेटांत वावरलं की ‘स्कॅटरनेट’ बनतं. पण त्याला दोन घड्याळं सांभाळत वेळ वाटून द्यावा लागतो, एकीकडे असताना दुसरीकडे ते गैरहजर. म्हणूनच ही कल्पना मुख्यतः कागदावरच राहिली.

घरी आवाज तुटत असेल, तर राउटर 5 गिगाहर्ट्झवर नेऊन पाहा.