कांद्याचं सूप आणि चौघांचा कल्ला

चार मित्र एकाच टीव्हीसमोर बसले आहेत, प्रत्येकाच्या हातात एक कंट्रोलर आहे आणि चौघंही एकाच वेळी ओरडत आहेत, "कांदा कुठाय? ताटली दे! अरे, पातेलं जळतंय!" इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या 'घोस्ट टाउन गेम्स' या छोट्या कंपनीने 2016 मध्ये आणलेला 'ओव्हरकुक्ड' हा गेम असाच खेळला जातो. फिल डंकन आणि ऑली डीव्हाइन या दोघांनी तो घडवला, 'टीम17'ने प्रकाशित केला आणि पुढच्या वर्षी त्याला बाफ्टाचे दोन पुरस्कार मिळाले.

एका फेरीत साधारण तीन-चार मिनिटं मिळतात. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ऑर्डरींच्या चिठ्ठ्या येत राहतात. ऑर्डर वेळेत गेली तर गुण आणि टिप मिळते, राहिली तर गुण कापले जातात. सगळ्यात सोपा पदार्थ म्हणजे कांद्याचं सूप. पेटीतून कांदा काढायचा, फळीवर चिरायचा, पातेल्यात टाकायचा. असे तीन कांदे पडले आणि शिजले की सूप ताटलीत ओतून खिडकीतून द्यायचं. एवढी साधी कृती चौघांना अवघड का जावी?

कारण हातात एका वेळी एकच वस्तू मावते. चिरताना फळीपाशी उभंच राहावं लागतं, दूर गेलात की चिरणं थांबतं. शिजणं मात्र तुमच्याशिवाय चालू राहतं. सूप तयार झाल्यावर पातेलं तसंच शेगडीवर राहिलं तर आधी लाल इशारा लुकलुकू लागतो आणि मग आग लागते. ती शेजारच्या ओट्यांवर पसरते. विझवायला एकाला सिलिंडर घेऊन धावावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ चिरणारा एक हात कमी झाला. वर काही स्वयंपाकघरांत वापरलेल्या ताटल्या खरकट्या होऊन परत येतात. पातेली भरलेली, सूप तयार, आणि स्वच्छ ताटली एकही नाही, हा प्रसंग नव्या खेळाडूंवर हमखास येतो.

बहुतेक गट सुरुवातीला कामं वाटून घेतात. एक चिरेल, एक शिजवेल, एक वाढेल, एक भांडी घासेल. पहिली मिनिटभर छान चालतं. मग चिरणारा पुढे निघून जातो आणि चिरलेल्या कांद्यांनी ओटा भरतो. एका जागी एकच वस्तू राहते, त्यामुळे ताटली ठेवायला जागाच उरत नाही. घासणाऱ्याला सुरुवातीला काम नसतं आणि शेवटी उसंत नसते. दोन्ही पातेली भरलेली दिसली की चिरणाऱ्याने सुरी सोडून ताटल्यांकडे वळायला हवं. पण हे त्याला कळणार कसं? त्याची नजर फळीवर असते. पडद्यावर सगळं दिसत असलं तरी धावपळीत कोणालाच सगळं पाहता येत नाही, म्हणून ज्याला दिसतं त्याने ओरडून सांगायचं. हा आरडाओरडा खेळाचा भागच आहे, आणि मला या गेमची हीच सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

ओरडण्यातही फरक असतो. "लवकर करा!" याने कोणाचेच पाय हलत नाहीत. "डावं पातेलं तयार, ताटली हवी" असं म्हटलं की एकजण नक्की हलतो. "मी घासतोय" म्हणणंही तितकंच मोलाचं, नाहीतर दोघंही सिंककडे धावतात आणि अरुंद वाटेत एकमेकांना ढकलत राहतात. हसू फुटतं ते नेमकं तिथेच. ताटली अजून आलीच नसेल तर पातेलं शेगडीवरून उचलून ओट्यावर ठेवा, मग ते जळत नाही. हे ज्या गटाला उमगतं त्याच्या आगी एकदम कमी होतात.

कामांची वाटणी जमू लागली की गेम स्वयंपाकघरच हलवतो. समुद्री चाच्यांच्या जहाजावर ओटे इकडून तिकडे सरकतात. दोन धावत्या ट्रकांमध्ये वाटलेल्या स्वयंपाकघरात ट्रक दूर गेले की अर्धी मंडळी पलीकडे अडकतात. मग ज्याच्या हातात कांदा आहे त्याच्याकडे फळी नसते. पाठ केलेली योजना मोडते आणि पुन्हा बोलणं सुरू होतं.

2018 च्या दुसऱ्या भागात जिन्नस फेकता येऊ लागले, आणि घरं लांब असलेल्यांना ऑनलाइन एकत्र खेळण्याची सोय झाली. तिथे ऑर्डरी आल्या त्याच क्रमाने दिल्या तर टिप चौपटीपर्यंत वाढते, म्हणून "पुढची कुठली?" ही हाकही लागते. फेकाफेकीमुळे हा भाग अधिक धमाल झाला आहे, तरी शक्य असेल तर एकाच खोलीत बसून खेळा. कंट्रोलर कमी पडत असतील तर एकाच कंट्रोलरचा डावा भाग एकाला आणि उजवा दुसऱ्याला देता येतो. गटात अगदी नवखं कोणी असेल तर दोन्ही भाग एकत्र असलेली 'ऑल यू कॅन ईट' ही आवृत्ती घ्या. तिच्यात ऑर्डरींचा वेळ वाढवून घेता येतो.