सोन्याची पाटली फोटोत चांदीची करताना

फोटोतील सोन्याची पाटली चांदीची करायची, तर केवळ पिवळा रंग काढून भागत नाही. सोन्याचा पिवळा आणि भारतीय त्वचेचा नारिंगी-तपकिरी रंग रंगचक्रावर शेजारी असतात; संपूर्ण चित्रातला पिवळा कमी केला की मनगट राखाडी, निर्जीव दिसू लागते. म्हणून आधी पाटलीभोवती मास्क आखावा लागतो. त्याची कड एखाद्या पिक्सेलने मऊ ठेवली, तर कापून चिकटवल्यासारखी दिसत नाही.

पुढची अडचण उजळपणाची. सोने निळा प्रकाश बराच शोषून घेते, चांदी जवळजवळ सगळेच रंग परत पाठवते. त्यामुळे नुसता रंग काढलेले सोने शिशासारखे मळकट दिसते. फोटोशॉपमध्ये मास्कच्या आत Black & White हा थर घेऊन Yellows आणि Reds वाढवले की मधल्या छटा उजळतात. खोल सावल्या मात्र गडदच राहू द्याव्यात, कारण धातूची चमक त्या विरोधातूनच दिसते.

पाटलीच्या आतल्या बाजूला त्वचेचे प्रतिबिंब असते. खऱ्या चांदीतही ते उबदारच दिसते, म्हणून तिथे मास्क थोडा हलका करावा. उलट, सोन्यामुळे मनगटावर पडलेली पिवळी झाक मऊ ब्रशने किंचित कमी करावी लागते. शेवटी चित्र शंभर टक्के आकारात पाहावे: कडेला पिवळी रेघ उरली असेल, तर मास्क पिक्सेलभर बाहेर सरकवावा.