रिमूव्हर, हार्डनर आणि नखांचे पापुद्रे

नेलपॉलिश सुकल्यावर नखावर उरतो तो मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर. अ‍ॅसिटोन तो काही सेकंदांत विरघळवतो. ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ रिमूव्हरमध्ये त्याऐवजी बहुधा एथिल अ‍ॅसिटेट असते. तेही द्रावकच, फक्त जरा मंद. त्यामुळे ते सौम्य असते ही समजूत अर्धीच खरी आहे. गडद लाल किंवा चमकीचे पॉलिश काढायला कापूस पुन्हापुन्हा भिजवून घासावा लागतो आणि द्रावकाशी नखाचा संबंध उलट वाढतो.

दोन्ही द्रावके नखावरची थोडी स्निग्धता ओढून घेतात आणि भोवतालची त्वचा कोरडी करतात. पॉलिश काढल्यावर दिसणारा पांढुरका भुकटा याच कोरडेपणाचा. साध्या पॉलिशसाठी अ‍ॅसिटोनचा बोळा काही सेकंद दाबून धरावा, मग टोकाकडे एकदाच पुसून घ्यावे, हात धुवावेत आणि व्हॅसलीन लावावे. यात नुकसान कमीच होते. जेल पॉलिशला मात्र दहा-पंधरा मिनिटे अ‍ॅसिटोनमध्ये भिजवणे लागते आणि त्याहून मोठी इजा होते ती न सुटलेला थर खरवडताना, कारण त्याबरोबर नखाचाही पापुद्रा निघतो. अ‍ॅक्रिलिकची कृत्रिम नखे ठेवायची असतील, तर मात्र अ‍ॅसिटोन-फ्रीच हवे. अ‍ॅसिटोनने ती मऊ पडतात. दोन्ही प्रकार चटकन पेट घेतात, म्हणून गॅसजवळ बाटली उघडू नये.

नखे मजबूत करणाऱ्या हार्डनरचे काम समजायला नखाची घडण पाहावी लागते. नख म्हणजे केराटिनच्या मृत पेशींचे एकावर एक बसलेले थर. भांडी-धुण्यात ते पाणी शोषून फुगते, सुकल्यावर आकसते आणि हे सतत झाले की टोकाशी थर सुटू लागतात. फॉर्माल्डिहाइड असलेले हार्डनर केराटिनच्या रेणूंना एकमेकांशी जखडतात. त्यामुळे सहज वाकणारे मऊ नख सुरुवातीला खरोखरच ताठ होते. पण वापर चालूच राहिला, तर लवचीकता जाते आणि वाकण्याऐवजी नख काडकन तुटते. म्हणजे आधीच ठिसूळ असलेल्या नखाला हा उपाय उलटा पडतो. नखाखाली आग झाली किंवा कडेची त्वचा लाल झाली, तर तो लगेच थांबवावा.

बायोटिनच्या गोळ्यांमागचा पुरावा थोडक्या लोकांवरच्या छोट्या अभ्यासांपुरता आहे. शिवाय मोठ्या मात्रेत त्या थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडे चुकवू शकतात. तपासणीआधी डॉक्टरांना त्या सांगाव्यातच.

ठिसूळ नखांना अधिक उपयोगी पडते ते भांडी घासताना अस्तराचे हातमोजे घालणे आणि रात्री ओलसर नखांवर व्हॅसलीन चोळणे. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणून सुटलेले टोक जाऊन मुळापासून नवे नख यायला सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत दिसणारा ताठपणा हा बहुधा वरच्या लेपाचाच असतो.