‘धा’ फाटतो तेव्हा

कायदा ठाय लयीत असतो तोवर फोनवरचं रेकॉर्डिंग ठीक वाटतं. मग तिहाई येते, समेवर जोरकस ‘धा’ पडतो आणि ऐकताना नेमक्या त्याच जागी आवाज फाटतो. गुरुजींना पाठवायची बाकीची दहा मिनिटं कितीही चांगली झालेली असोत, कान त्या एका जागी अडकतो. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, फोन कुठे ठेवला याचा असतो.

फोनचा मुख्य माइक साधारणपणे खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक. फोनवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज टिपणं हे त्याचं मुख्य काम. टिपलेल्या आवाजाचे फोन आकडे बनवतो आणि त्या आकड्यांना वरची एक हद्द असते. ‘धा’ त्या हद्दीपलीकडे गेला की जास्तीचा भाग नोंदलाच जात नाही. रेकॉर्डिंगचा आलेख मोठा करून पाहिला तर लाटांचे शेंडे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात. नंतर आवाज कमी केला तरी तो फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो.

दुसरा त्रास फोनच्या हुशारीचा. हळू आवाज आपोआप वर चढवायचा आणि मोठा आला की दाबायचा, असं बरेच फोन परस्पर करत असतात. त्यामुळे प्रत्येक ‘धा’नंतर सोबतचा लेहरा क्षणभर खाली जातो आणि पुन्हा फुगून वर येतो. काही फोन तर तानपुऱ्याचा अखंड नाद पंख्याची घरघर समजून पुसूनही टाकतात. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ किंवा ‘ऑटो गेन’ बंद करायची सोय असेल, तर संगीतासाठी ती आधी बंद करावी. ती नसेल, तर विद्यार्थ्याच्या हाती उरतं ते अंतर.

आणि अंतर मोठं काम करतं. मोकळ्या जागेत ते दुप्पट केलं की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. घरात भिंती आवाज परत फेकतात म्हणून उतार थोडा कमी पडतो, तरी फोन एका फुटावरून चार फुटांवर नेल्यावरचा फरक सहज कळतो.

एक नेहमीची मांडणी घेऊ. ताई तबल्यावर, धाकटा भाऊ हार्मोनियमवर लेहरा धरून, आणि फोन सतरंजीवर डग्ग्याला टेकून. इथे ‘धा’ फाटणारच; शिवाय डग्ग्यावरच्या थापेचा धक्का जमिनीतून थेट फोनमध्ये जातो. घाबरून फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर ठेवला, तर फाटणं थांबतं, पण बोल भिंतींच्या घुमण्यात बुडतात आणि तिरकिटातली अक्षरं वेगळी ऐकू येत नाहीत. मधली जागा साधारण तीन-चार फुटांवर सापडते. समोर एक स्टूल, त्यावर धक्के शोषायला घडी केलेली चादर, त्यावर फोन, खालची कड वादकाकडे. उंची बसलेल्या माणसाच्या छातीएवढी. लेहरा तबल्याला झाकत असेल, तर फोन हलवू नये, भावाला फूटभर मागे बसवावं.

मग चाचणी. ती संथ ठेक्यावर घेणं व्यर्थ. सगळ्यात जोरकस तिहाई किंवा रेला अर्धा मिनिट वाजवावा. ॲपमध्ये मीटर असेल तर सर्वांत मोठा ठोका उणे सहा डेसिबलच्या आसपास थांबावा. लाल रंग दिसला की फोन अर्धा फूट मागे.

गाणाऱ्याची अडचण वेगळी आहे. स्वतःच पेटी वाजवत गाताना फोन पेटीवरच ठेवायचा मोह होतो, आणि ती सगळ्यात वाईट जागा. स्वरपट्ट्यांचा कंप, पट्ट्यांची खटखट, भात्याचा उसासा हे सगळं लाकडातून फोनमध्ये उतरतं आणि गळा मागे पडतो. फोन पेटीपासून सुटा, तोंडाच्या उंचीला, दोन-तीन फुटांवर धरणाऱ्या स्टँडवर लावावा. तो अगदी नाकासमोर नको, किंचित बाजूला हवा. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना सुटलेली फुंकर थेट माइकवर आदळते. चाचणीला इथे तार सप्तकातली तान घ्यावी, खर्जातला आलाप नव्हे.

रेकॉर्डिंग ऐकताना हेडफोन लावलेलाच बरा. डग्ग्याचा खोल घुमारा फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. बायाँ ऐकूच येत नाही म्हणून विद्यार्थी फोन पुन्हा डग्ग्याजवळ सरकवतो आणि ‘धा’ पुन्हा फाटतो. हेडफोनवर ऐकलं तर तोच बायाँ त्याच फाइलमध्ये बहुधा व्यवस्थित सापडतो.