लहान कंपनीची संगणक-रचना : चार कागद पुरेत

उदाहरणादाखल वेर्णे औद्योगिक वसाहतीतील एक कंपनी डोळ्यांसमोर आणू. औषध कंपन्यांना प्लास्टिकचे डबे आणि झाकणे पुरविणारी, साठ माणसांची, वर्षाला पंधरा कोटींच्या आसपास उलाढाल असलेली. तिच्या एका ग्राहकाचे दोन कारखाने आहेत, एक गोव्यात आणि दुसरा महाराष्ट्रात. राज्ये वेगळी म्हणून दोन्हींचे जीएसटी क्रमांकही वेगळे. एके दिवशी महाराष्ट्रातील कारखान्याने मागविलेला माल रवाना झाला. बिल मात्र गोव्याच्या क्रमांकावर निघाले. क्रमांक अस्सल होता, त्यामुळे ई-इनव्हॉइसच्या पोर्टलनेही तो स्वीकारला. आंतरराज्य व्यवहाराचा एकात्मिक जीएसटी लागावयास हवा होता, तेथे केंद्रीय आणि राज्य जीएसटी लागला. चूक चार दिवसांनी ग्राहकाच्या लक्षात आली. पोर्टलवर असे बिल रद्द करण्याची मुदत चोवीस तासांचीच असते. मग क्रेडिट नोट, नवे बिल, पुन्हा कर भरणे आणि अडकलेले पैसे, असा सारा खटाटोप करावा लागला.

बिल करणाऱ्या कारकुनाची यात चूक नव्हती. कंपनीत ग्राहकांच्या तीन याद्या होत्या. एक लेखा विभागाच्या टॅलीत, दुसरी पणजीच्या एका प्रोग्रामरने काही वर्षांपूर्वी लिहून दिलेल्या ऑर्डर-प्रणालीत आणि तिसरी विक्री विभागाच्या एक्सेलमध्ये. ऑर्डर-प्रणालीत त्या ग्राहकाची एकच नोंद होती, गोव्याची. कोणती यादी खरी मानावयाची, हे कोणी कधी ठरविलेच नव्हते. अशा गोष्टी आधी ठरवून लिहून ठेवण्याच्या कामाला ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ असे भारदस्त नाव आहे.

या विषयाचा पाया १९८७ साली जॉन झॅकमन यांनी ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मधील लेखात घातला, असे सामान्यतः मानले जाते. १९९५ मध्ये ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेने ‘टोगॅफ’ ही कार्यपद्धती प्रसिद्ध केली. हजारो कर्मचारी आणि शेकडो संगणकप्रणाली असलेल्या संस्थांचा विचार त्यांत प्रामुख्याने आहे. साठ माणसांच्या कंपनीने ती पद्धती जशीच्या तशी उचलली, तर आराखडे काढण्यातच वर्ष जाईल आणि ते पूर्ण होईपर्यंत निम्मे जुने झालेले असतील. म्हणून लहान कंपनीने प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारावा : हा कागद नसता, तर कोणता निर्णय चुकला असता? उत्तर सापडत नसेल, तर तो कागद करू नये. या कसोटीला सहसा चार कागद उतरतात : नकाशा, तत्त्वे, मानक यादी आणि निर्णयांची वही.

नकाशा : काय आहे आणि कोणाचे

पहिला कागद म्हणजे वापरातील सर्व प्रणालींची एका पानाची नोंद. प्रत्येकीपुढे चार गोष्टी असाव्यात : ती कशासाठी वापरतात, तिच्यात कोणती माहिती राहते, तिची जबाबदारी कोणाकडे आहे आणि ती कोणाकडून माहिती घेते वा कोणाला देते. विभागप्रमुखांना प्रश्नावली पाठवून ही यादी पूर्ण होत नाही, कारण रोजच्या सवयीची साधने माणसाला आठवत नाहीत. त्यापेक्षा लेखा विभागाकडून बारा महिन्यांचे बँक आणि क्रेडिट कार्डाचे तपशील घ्यावेत आणि सॉफ्टवेअर, वर्गणी, नूतनीकरण यांवरील प्रत्येक खर्च वेगळा काढावा. त्यानंतर फुकट साधनांची विचारपूस करावी : कोणत्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, कोणत्या फायली कोणाच्या खासगी ईमेल खात्यात आहेत.

वेर्ण्याच्या कंपनीत असे पाहता चौदा प्रणाली निघाल्या. त्यांतील दोन कोणीच वापरत नव्हते, तरी पैसे जात होते. कंपनीच्या संकेतस्थळाचे डोमेन तर नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या नावावर होते. मग नकाशावर प्रत्येक महत्त्वाच्या माहितीचे ‘घर’ ठरविण्यात आले. ग्राहकांचे घर टॅली, कारण जीएसटी क्रमांक तपासण्याचे काम लेखा विभागच करतो. तसेच, ग्राहकाची प्रत्येक जीएसटी नोंदणी हा स्वतंत्र ग्राहक धरून तिला स्वतंत्र संकेतांक द्यावयाचा, असेही ठरले. चुकीच्या बिलावरचा खरा उपाय हाच होता.

तत्त्वे : ज्यांची किंमत मोजावी लागते अशीच

‘सुरक्षितता महत्त्वाची आहे’ हे तत्त्व नव्हे. त्याच्या उलट म्हणणारा कोणीच नसतो, म्हणून त्याने कोणताही वाद सुटत नाही. टोगॅफमध्ये तत्त्व मांडण्याची एक चांगली रीत आहे : नाव, विधान, कारण आणि परिणाम. लहान कंपनीने विधान आणि परिणाम या दोन ओळी लिहिल्या तरी चालते; परिणामाची ओळ मात्र सोडू नये, कारण तत्त्वाची किंमत तेथेच दिसते. वेर्ण्याच्या कंपनीने चार तत्त्वे लिहिली.

१. प्रत्येक माहितीचे घर एकच. परिणाम : विक्री विभागाला नवा ग्राहक स्वतः नोंदविता येणार नाही; लेखा विभागाने मात्र मागणी आल्यापासून एका कामाच्या दिवसात तो नोंदवून दिला पाहिजे.

२. एका कामाला एकच साधन. परिणाम : आवडते साधन कधी कधी सोडावे लागेल.

३. जी माहिती बाहेर काढता येत नाही, ती आत टाकावयाची नाही. परिणाम : खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून सर्व नोंदी एक्सेल वा तत्सम स्वरूपात काढून दाखवून घ्यावयाच्या, दाखविता न आल्यास स्वस्त असूनही नकार.

४. कोणतीही प्रणाली एका माणसाच्या नावावर वा केवळ त्याच्या डोक्यात नसावी. परिणाम : मुख्य खाती कंपनीच्या ईमेलवर, आणि प्रत्येक प्रणाली जाणणारा दुसरा माणूस तयार करण्यात वेळ जाईल.

पहिल्या तत्त्वातील ‘एका कामाच्या दिवसात’ ही अट अत्यंत आवश्यक आहे. लेखा विभागाने आठवडा लावला, तर विक्री विभाग गुपचूप आपले एक्सेल पुन्हा सुरू करील आणि तत्त्व भिंतीवरच राहील.

मानक यादी : प्रत्येक ओळीला स्थिती आणि तारीख

तिसरा कागद तंत्रज्ञानाच्या मानकांचा. लहान कंपनीला पंधरा ते वीस ओळी पुरतात. प्रत्येक ओळीत काम, त्यासाठीचे साधन, स्थिती, जबाबदार व्यक्ती आणि फेरविचाराची तारीख असावी. स्थिती तीनच असाव्यात. ‘मान्य’ म्हणजे न विचारता वापरावे. ‘चाचणी’ म्हणजे ठरावीक माणसांनी ठरावीक मुदतीपर्यंत वापरावे. ‘निरोप’ म्हणजे नवे काम त्यावर सुरू करू नये आणि ते कधी बंद होणार हे लिहावे. वेर्ण्याच्या यादीतील काही ओळी अशा :

- हिशेब आणि ग्राहक-नोंद : टॅली. मान्य.
- कार्यालयीन संगणक : विंडोज ११. मान्य.
- विंडोज १० : निरोप. मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.
- जुनी ऑर्डर-प्रणाली : निरोप. तिच्याखालील मायएसक्यूएल ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला.
- छपाई यंत्राचा विंडोज ७ संगणक : अपवाद. यंत्र बदलेपर्यंत राहील, पण इंटरनेट आणि कार्यालयीन नेटवर्कपासून तोडलेला.

शेवटची ओळ मुद्दाम पाहावी. यंत्रासोबत आलेले सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, आणि त्यासाठी लाखोंचे यंत्र फेकता येत नाही. अशा वेळी नियम मोडल्याचे लपविण्यापेक्षा अपवाद म्हणून लिहावा. मात्र त्याला अट आणि शेवट असावा. शेवट नसलेला अपवाद हळूहळू दुसरे मानक होऊन बसतो.

दोन मागण्या

कागदांची परीक्षा लवकरच झाली. विक्रीप्रमुखांना ग्राहकांच्या पाठपुराव्यासाठी सीआरएम हवे होते, तर गोदामाला साठ्याचे नवे सॉफ्टवेअर. सीआरएमचे काम करणारे साधन यादीत नव्हते आणि विक्रेत्याने सर्व नोंदी बाहेर काढून दाखविल्या. म्हणून तीन माणसांसाठी तीन महिन्यांची चाचणी मान्य झाली. अट एकच : ग्राहक टॅलीतील संकेतांकासह आत येतील, सीआरएममध्ये नवे बिलयोग्य ग्राहक निर्माण होणार नाहीत. गोदामाच्या मागणीला मात्र नकार मिळाला. गोदामनिहाय आणि बॅचनिहाय साठा ठेवण्याची सोय टॅलीत आधीच होती, ती सुरू केलेली नव्हती इतकेच. दोन्ही निर्णय चौथ्या कागदावर, म्हणजे निर्णयांच्या वहीत गेले : तारीख, काय ठरले, का, कोणता पर्याय नाकारला आणि कोणती परिस्थिती बदलल्यास पुन्हा विचार करावा. गोदामाच्या नोंदीत ‘दुसरे गोदाम वेगळ्या शहरात निघाल्यास’ असे लिहिले आहे. दोन वर्षांनी तोच प्रश्न नव्या व्यवस्थापकाने विचारला, तर वाद पहिल्यापासून सुरू करावा लागणार नाही.

या कागदांच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ते माहिती साफ करीत नाहीत. तीन याद्या एकेका ग्राहकाशी पडताळून एक करण्याचे कंटाळवाणे काम माणसांनाच करावे लागते, आणि ते होईपर्यंत ‘एकच घर’ हे वाक्यच असते. बॅकअप परत उतरवून पाहण्याला तर कोणत्याही कागदाचा पर्याय नाही.

रचना कमी पडते आहे की जास्त झाली आहे, हे ओळखता येते. एकच प्रश्न दरवर्षी नव्याने वादात येत असेल, दोन विभागांचे आकडे जुळत नसतील, वर्गणी कोण भरतो हे कोणालाच माहीत नसेल, तर ती कमी आहे. उलट परवानगीला खरेदीपेक्षा अधिक वेळ लागत असेल आणि माणसे स्वतःच्या कार्डावर सॉफ्टवेअर घेऊ लागली असतील, तर ती जास्त झाली आहे. सहा महिन्यांतून एकदा, तासाभराच्या बैठकीत चारही कागद वाचले जावेत. ज्या ओळीचा मधल्या काळात कोणालाच उपयोग झाला नाही, ती खोडावी. कागद वाढवावेत ते कारण आल्यावर : दुसरा कारखाना निघाला, दुसरी कंपनी विकत घेतली, किंवा एखाद्या औषध कंपनीचे लेखापरीक्षक येऊन नोंदी कोण बदलू शकतो, हे लेखी मागू लागले. तोवर चार पाने आणि ती चालू ठेवणारा एक जबाबदार माणूस एवढी तजवीज पुरेशी आहे.